वर्षाच्या मधेच विभाग बदलला, मग रेटिंग कोणाचं धरायचं?

*नमस्कार ताई,*

*अंबड एमआयडीसीत वाहनांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी सप्लायर क्वालिटी विभाग सांभाळतो. माझ्याकडची एक इंजिनिअर १ सप्टेंबरला प्रेस शॉपच्या क्वालिटीतून माझ्याकडे आली. म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने तिकडे, पुढचे सात माझ्याकडे. आता वर्षअखेरचं अप्रेझल मला लिहायचंय. तिच्या आधीच्या साहेबांना विचारलं, तर एका ओळीचा मेल आला: "काम चांगलं होतं, ४ द्या." मला मात्र तिचं माझ्याकडचं काम ३ चं वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन सप्लायरांचे लॉट रिजेक्ट झाले, जानेवारीत दोन रिपोर्ट उशिरा आले, सहा सप्लायर ऑडिट ठरली होती त्यातली तीनच झाली. एचआर म्हणतं, महिन्यांच्या हिशेबाने सरासरी काढा. ती ३.४२ येते, पूर्णांकात ३. ती म्हणते, "बदली मी मागितली नव्हती, आणि मधे कस्टमर ऑडिटसाठी तुम्हीच मला जुन्या विभागात पाठवलंत." आधीच्या साहेबांना तिला सोडायचं नव्हतं, त्यामुळे आमचं दोघांचं बोलणं जेमतेमच. दोन्ही विभागांचे महिनावार तक्ते सोबत जोडतोय. सरासरीच घ्यावी, की माझं रेटिंग शेवटचं धरावं? तिच्यावर अन्याय नको, पण माझ्या बाकीच्या चौघांवरही नको.*

*— एक विभागप्रमुख, नाशिक*

नमस्कार,

एचआरच्या सरासरीत बेरीज-भागाकाराची चूक नाही. पाच महिने ४, सात महिने ३, बेरीज ४१, भागिले १२. पण हीच बदली १ सप्टेंबरऐवजी १ नोव्हेंबरला झाली असती, आणि दोन्हीकडचं काम याच दर्जाचं झालं असतं, तर? सात महिने ४ आणि पाच महिने ३, उत्तर ३.५८, पूर्णांकात ४. माणूस तोच, काम तसंच, बदलीच्या ऑर्डरवरची तारीख तेवढी दोन महिने पुढे गेली आणि इन्क्रिमेंटची पायरी बदलली. ती ऑर्डर कधी निघावी हे तिच्या हातात नव्हतं. तेव्हा महिन्यांच्या सरासरीला निर्णय समजू नका. निर्णय झाल्यावर तो भलतीकडे तर गेला नाही ना, हे बघण्यापुरती ती बाजूला ठेवा.

तुमचं रेटिंग शेवटचं धरायचं का, याचं माझं उत्तर असं आहे की लेखणी तुमच्याच हातात राहणार, पण पाच महिने तुम्ही पाहिलेले नाहीत. न पाहिलेल्या कामाला आकडा देता येत नाही. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर गोपनीय अहवालाचे नियम ऐकून माहीत असतील. केंद्र सरकारच्या पद्धतीत ज्या अधिकाऱ्याने किमान तीन महिने काम पाहिलंय त्यानेच अहवाल लिहायचा असतो, आणि वर्षात दोन अधिकाऱ्यांनी तेवढं काम पाहिलं असेल तर दोघांचे वेगवेगळे अहवाल होतात. खासगी कंपनीला हा नियम लागू नाही, पण त्यामागचा विचार उचलण्यासारखा आहे. तुमच्या बाबतीत दोघांनीही तीन महिन्यांहून जास्त काम पाहिलंय, तेव्हा दोन भाग लिहिले जायलाच हवेत, आणि पहिला भाग तिच्या आधीच्या साहेबांनी लिहायला हवा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट न बोलता धरून चालली आहे, ती म्हणजे एका महिन्यात जे घडलं ते त्या महिन्यात त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं. ऑक्टोबरमध्ये लॉट रिजेक्ट झाले, ऑक्टोबरमध्ये ती सप्लायर क्वालिटीत होती, म्हणून ते तिच्या खात्यावर. तुमचे दोन्ही तक्ते मी शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा हे गणित दोन्ही बाजूंनी फसताना दिसलं. ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

आधी प्रेस शॉपचा तक्ता घ्या. एप्रिलमध्ये त्या लाइनचं रिजेक्शन २.८ टक्के होतं. ऑगस्टअखेर ते २.१ वर आलं. सप्टेंबरनंतर, म्हणजे ती गेल्यावर, ते १.५ च्या आसपास स्थिरावलं आणि फेब्रुवारीपर्यंत तिथेच राहिलं. वरवर पाहिलं तर ती गेल्यावर सुधारणा झाली असं कुणीही म्हणेल. पण त्याच तक्त्यात जुलैच्या शेऱ्यात एक ओळ आहे: ब्रॅकेटच्या डायवर उलटा पत्रा बसू नये म्हणून लोकेटिंग पिन बसवली, एका डायवर चाचणी सुरू, उरलेल्या तीन डाय सप्टेंबरमध्ये करायच्या. शेऱ्याखाली सही तिची आहे. ऑपरेटरने घाईत पत्रा उलटा ठेवला की अख्खा स्ट्रोक वाया जातो, आणि त्या लाइनच्या रिजेक्शनमधला मोठा वाटा याच दोषाचा होता हे त्याच तक्त्यातल्या दोषवार नोंदीत दिसतं. पिन बसल्यावर उलटा पत्रा बसतच नाही. उरलेल्या डाय सप्टेंबरमध्ये झाल्या आणि आकडा खाली आला तेव्हा ती तुमच्याकडे होती. हे श्रेय आज कुणाच्याच खात्यावर नाही, किंवा तिच्या जागी आलेल्या माणसाच्या खात्यावर गेलंय. आपल्याकडे द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी ज्याने नीट केली, त्याचं काम ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडात दिसतं. जानेवारीत बागेत पाऊल ठेवणाऱ्याला सगळा माल आपलाच वाटू शकतो.

आता तुमचा तक्ता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जे तीन लॉट रिजेक्ट झाले, त्यांच्या पुढे सँपल मंजुरीच्या तारखा तुम्हीच लिहिल्या आहेत. दोन जुलैच्या, एक ऑगस्टची. म्हणजे त्या भागांचे पहिले नमुने तपासून "चालेल" असं तिच्या आधीच्या माणसाने म्हटलं होतं. सप्लायरने डाय दुरुस्त करायची, नमुने पाठवायचे, मंजुरी घ्यायची, मग माल बनवून गेटवर आणायचा, यात काही आठवडे सहज जातात. त्यामुळे सप्लायर क्वालिटीत नवीन आलेल्या माणसाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत जो माल गेटवर येतो, तो बहुतेक आधीच्या माणसाच्या निर्णयांचा असतो. ते तीन रिजेक्शन तिच्या रेटिंगमध्ये धरणं चूक आहे.

पण लॉट नाकारल्यानंतर पुढे काय झालं, ते पहिल्या दिवसापासून तिचंच. लॉट वेगळा काढून लाल टॅग कधी लावला, सप्लायरला तक्रार कधी गेली, रस्त्यात असलेला माल थांबवला का, लाइन चालू राहावी म्हणून चांगला माल निवडायला माणसं लावली का, हे विचारा. तुमच्या नोंदीत तिन्ही वेळा तक्रार त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गेलेली दिसते, आणि सिन्नरच्या सप्लायरकडे ती स्वतः सॉर्टिंगला उभी होती. ही नोंद तुमच्या पत्रात आली नाही, तक्त्यात मात्र आहे. रिजेक्शनचा आकडा डोळ्यांत भरतो, त्यानंतर तो निस्तरण्याचं काम भरत नाही. आपल्या सगळ्यांचं हे असं होतं, म्हणून मी थांबून दाखवतेय.

याउलट जानेवारीतले दोन एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं कारण आठ पायऱ्यांत शोधून ती बंद करण्याचे रिपोर्ट. त्या तक्रारी डिसेंबरच्या, तेव्हा ती तीन महिने मुरलेली होती, सप्लायर तिच्या ओळखीचे झाले होते. तुमच्या विभागाच्या नियमाने चौदा दिवसांत रिपोर्ट बंद व्हायचा होता, एक नऊ दिवस उशिरा झाला, एक बारा. हे तिचंच आणि ते लिहिलंच पाहिजे. फक्त लिहिण्याआधी उशीर कुठल्या पायरीवर झाला ते बघा. तिसरी पायरी, म्हणजे तात्पुरता बंदोबस्त, वेळेत झाली आणि चौथ्या पायरीवर, मूळ कारण शोधताना अडकलं, तर अर्थ असा की तिला अजून दुसऱ्याच्या कारखान्यात शिरून कारण खणून काढायला जड जातंय. स्वतःच्या शॉपफ्लोअरवर मशीन समोर असतं, ऑपरेटर समोर असतो. सप्लायरकडे मालक म्हणतो "ऑपरेटरला समज दिली" आणि विषय मिटवतो. त्यापुढे रेटायला वेगळं कसब लागतं. आणि तिसरीच पायरी रखडली असेल, तर मामला जास्त गंभीर आहे, कारण तेवढे दिवस खराब माल येत राहण्याची शक्यता होती. "रिपोर्ट उशिरा" या दोन शब्दांत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र होतात.

राहिली ऑडिट. सहापैकी तीन. सहा हा आकडा कुठून आला, हे मी तुमच्या तक्त्यात शोधलं. बाकीच्या चौघांना वर्षाला बारा आहेत. म्हणजे सात महिन्यांचा पूर्ण वाटा सात, आणि तिला सहा दिली गेली, नवीन माणसाला शिकायला जवळपास काहीच मोकळीक न ठेवता. सप्लायर ऑडिटला पहिली एक-दोन वेळ कुणाबरोबर तरी जाऊन बघायचं असतं. ती पहिल्याच दिवशी वही घेऊन एकटी जाणार नव्हती. शिवाय ऑक्टोबरमधले कस्टमर ऑडिटचे ते दिवस. तुमच्या हजेरीच्या नोंदीप्रमाणे ती आठ दिवस प्रेस शॉपमध्ये होती. त्या आठ दिवसांत तिने काय केलं याची ओळ तुमच्या तक्त्यात नाही, कारण काम तुमचं नव्हतं. प्रेस शॉपच्या तक्त्यातही नाही, कारण माणूस त्यांचा नव्हता. मधेच बदली झालेल्या माणसाचं सगळ्यात जास्त काम इथेच हरवतं. हँडओव्हरचे आठवडे, जुन्या विभागाचे फोन, "तूच ये, तुलाच माहीत आहे" म्हणून परत बोलावणं. ते ऑडिट कसं गेलं, तिच्या भागात ऑडिटरने किती त्रुटी काढल्या, हे मागवा आणि अप्रेझलमध्ये त्याला स्वतःची ओळ द्या.

नवीन कामात माणसाकडून कधी, किती अपेक्षा ठेवायची, याचं मोजमाप मनाने ठरवू नका. तुमच्याच विभागात याआधी जे नवीन आले, ते तिसऱ्या महिन्याअखेर काय करू शकत होते हे आठवा, जुने रिपोर्ट काढून बघा. तेच माप तिला लावा. म्हणजे सवलत दिल्याचा आरोप येत नाही आणि अन्यायही होत नाही. तुमच्या तक्त्यावरून मला वाटतं, सप्टेंबर ते नोव्हेंबर शिकण्याचा काळ धरावा आणि डिसेंबरपासून बाकीच्या चौघांच्याच मापाने मोजावं. डिसेंबरनंतरही नवखेपणाची सबब चालू ठेवली, तर त्या चौघांनी तक्रार केली तर ती रास्त असेल.

आता आधीच्या साहेबांकडे वळू. "४ द्या" या ओळीचं काय करायचं? त्यांच्या ४ चा अर्थ तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्या ३ चा त्यांना. काही साहेब सगळ्यांना ४-५ देतात, काहींच्या हातून ३ च्या वर आकडा सुटत नाही. एचआरकडून त्यांच्या विभागाची गेल्या वर्षीची रेटिंग बघायला मिळतात का विचारा, नावं झाकून मिळाली तरी चालेल. त्यांच्या सहाही जणांना ४ असेल तर त्या आकड्यातून काहीच कळत नाही. मात्र त्यावरून "यांच्या ४ मधून एक वजा" असा हिशेब करू नका. सहा माणसांच्या विभागात सहाही जण खरंच चांगले असू शकतात. अशा वजाबाकीला शेकड्यांनी माणसं असलेल्या ठिकाणी थोडा अर्थ असतो, पाच-सहा जणांत नाही.

त्याऐवजी त्यांना आकडा विचारूच नका, घटना विचारा. मेलवर तीन प्रश्न पाठवा आणि मग स्वतः त्यांच्या केबिनमध्ये जा. एप्रिलमध्ये तिच्यासोबत कोणती उद्दिष्टं ठरली होती, आणि ती गेली तेव्हा प्रत्येक कुठवर आलं होतं? तिने स्वतःहून केलेलं आणि ती नसती तर झालं नसतं असं एक काम कोणतं? तुम्हाला तिला एखादी गोष्ट दोनदा सांगावी लागली, अशी कोणती? तिसरा प्रश्न सोडू नका. नुसती स्तुती करणारे लोकही या प्रश्नाला खरं उत्तर देतात, कारण त्यात निंदा करायला सांगितलेलं नसतं. मग विचारा, तिच्यासारखं काम करणाऱ्या तुमच्या माणसांत ती वरच्या दोघांत, मधे, की खाली? एवढ्यावरून त्यांच्या ४ चं वजन तुम्हाला कळेल.

तुमच्यातला ताठरपणा इथे आडवा येईल, हे मला दिसतंय. तिला सोडायला ते तयार नव्हते, म्हणजे त्यांच्या मनात दोन्ही गोष्टी असू शकतात. "माझ्याकडे होती तेव्हा उत्तम होती" हे दाखवण्याची ओढ, किंवा गेली म्हणून हात आखडता घेणं. उलटही पाहिलंय मी: नको असलेला माणूस दुसऱ्या विभागात ढकलायचा आणि वर त्याचं कौतुक करायचं. म्हणूनच त्यांच्या हेतूचा शोध घेत बसू नका, प्रत्येक विधानामागे कागद मागा. पिन बसवली म्हणतात, तर शेऱ्याची तारीख दाखवा. कस्टमर ऑडिट सांभाळलं म्हणतात, तर ऑडिटचा रिपोर्ट द्या. आणि हाच नियम तुमच्या विधानांनाही लावून घ्या. तुम्ही तक्त्याची प्रत घेऊन गेलात आणि "जुलैच्या या पिनेबद्दल सांगा" असं म्हणून सुरुवात केलीत, तर माझा अनुभव आहे की माणूस बोलता होतो. कारण तुम्ही त्यांच्या विभागाचं काम वाचून आला आहात हे त्यांना दिसतं.

तरीही ते बधले नाहीत तर? तर त्यांच्या वरिष्ठांना मेल करा, आणि रिजेक्शन रजिस्टर, ऑडिट रिपोर्ट, तिच्या स्वतःच्या सेल्फ अप्रेझलमधल्या तपासता येतील अशा गोष्टी, यांवरून पहिला भाग उभा करा. जे कळलं नाही तिथे "या काळाची माहिती अपुरी" असं लिहा. माहिती नाही म्हणून ३ टाकणं बरोबर नाही. साहेबांच्या मौनाची किंमत तिने भरायची कारण नाही.

लिहिण्याचा क्रमही सांगते, कारण तो बदलला की निकाल बदलतो. त्यांचं उत्तर वाचण्याआधी तुमचा सात महिन्यांचा भाग पूर्ण लिहून टाका. त्यांचा आकडा तुम्हाला आधीच कळलाय, त्याला इलाज नाही, पण घटना तरी त्यांच्या आकड्याकडे न बघता मांडता येतील. लिहिताना सप्टेंबरपासून महिनावार जा, मार्चपासून मागे जाऊ नका. मार्चमधली गरमागरम गोष्ट अख्ख्या वर्षावर सावली टाकते आणि सप्टेंबरमधली चांगली गोष्ट विसरायला होते. मग दोघांनी अर्धा-पाऊण तास एकत्र बसा, शक्य असेल तर दोघांच्या वरिष्ठांना सोबत घेऊन. प्रत्येक मुद्द्यावर एवढंच ठरवा की हे तिच्या हातून झालं का, त्या जागेवर त्या वेळी अपेक्षा काय होती, आणि पुरावा काय. आकडा सगळ्यात शेवटी.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? मला एकाच बाजूचे कागद दिसले आहेत, हे धरूनच सांगते. पहिला भाग, पिनेचं काम आणि त्याचा टिकलेला परिणाम पाहता, कागदावर ४ ला उभा राहतो. मधल्या आठ दिवसांचं ऑडिट ठीक गेलं असेल तर तेही त्याच बाजूला पडतं. तुमच्याकडचा भाग, तीन वारशाने आलेली रिजेक्शन काढून टाकली आणि ऑडिटचं उद्दिष्ट वाजवी केलं, की भक्कम ३ आहे. नवीन जागेवर पहिल्या सात महिन्यांत भक्कम ३ वाईट नाही. दोन्ही मिळून मी ४ कडे झुकले असते. माझं मत एकाच गोष्टीने बदललं असतं: जानेवारीतला उशीर तिसऱ्या पायरीवरचा निघाला आणि फेब्रुवारी-मार्चमध्येही तसंच घडलं असेल, तर ३. तेव्हा ते दोन रिपोर्ट उघडून तारखा बघणं, हे या सगळ्यातलं तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम.

एकच आकडा द्यावा लागला, तरी फॉर्मवर दोन्ही भाग वेगळे दिसू द्या. इन्क्रिमेंट हा झाल्या वर्षाचा हिशेब आहे, त्यात तिचे पाच महिने पूर्ण वजनाने यायला हवेत. पण पुढच्या वर्षी तिला काय शिकवायचं, हे फक्त दुसऱ्या भागातून कळतं. ४ च्या आनंदात "मूळ कारण शोधण्यात कमी पडते" हे वाक्य पुसलं गेलं तर वर्षभराने तीच अडचण मोठी होऊन तुमच्यासमोर येईल. बाकीच्या चौघांबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. त्यांच्यापैकी कुणी विचारलं तर तिचे मार्क उघड न करता पद्धत सांगा: प्रत्येकाला त्याच्या हातातल्या कामावर मोजलंय, आणि हाच नियम तुमच्यासाठीही आहे. मात्र मग तो खरंच त्यांच्यासाठीही पाळा. त्यांच्यापैकी कुणाच्या रेटिंगमध्ये आधीच्या माणसाने मंजूर केलेल्या सँपलचं रिजेक्शन घुसलंय का, ते एकदा तपासा.

तिच्याशी बोलताना दोन्ही भाग वाचून दाखवा. आधीच्या साहेबांनी काय लिहिलं हे तिला कळायला हवं. २००८ मध्ये देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांच्या बाबतीत स्पष्ट सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद त्या माणसाला कळवली पाहिजे. फक्त वाईट शेराच कळवायचा असं नाही, "चांगला" हा शेराही. कारण बढतीसाठी "अतिशय चांगला" लागत असेल तर नुसतं "चांगला" म्हणणंही नुकसान करतं. हा निकाल तुमच्या कंपनीला बंधनकारक नाही. पण मधेच विभाग बदललेल्या माणसाच्या मनात "माझ्यामागे जुन्या साहेबांनी काय लिहिलं असेल" ही शंका असतेच, आणि ती कागद दाखवल्याशिवाय जात नाही. बोलणं सुरू करताना तिचं म्हणणं आधी ऐका: तुझ्या मते या बारा महिन्यांत असं कोणतं काम आहे जे आमच्या दोघांच्याही कागदात आलेलं नाही? तिने सांगितलेलं तपासता आलं तर फॉर्म बदला. म्हणून ही भेट रेटिंग एचआरकडे जाण्याआधी ठेवा, नंतर नको.

एचआरला आजच दोन ओळींचा मेल टाका: या प्रकरणात महिन्यांची सरासरी वापरत नाही, दोन भागांचा लेखी आढावा आणि एकत्रित निर्णय देतोय, दोघांच्या सह्या असतील. बहुतेक ठिकाणी एचआरला सरासरी आवडते ती तिच्याबद्दल वाद होत नाही म्हणून. त्यांना सह्या केलेला कागद मिळाला तर तेवढंच समाधान होतं.

आणि पुढची बदली होईल तेव्हासाठी, हे तुमच्यासारख्या सगळ्याच वाचकांना सांगते. एप्रिलमध्ये बसून मागच्या ऑगस्टमधलं आठवण्यापेक्षा बदलीच्या आठवड्यातच अर्ध्या पानाची नोंद करून घ्या. कोणती उद्दिष्टं होती आणि कुठवर आली. कोणतं काम सुरू केलंय ज्याचा परिणाम पुढे दिसेल, आणि तो कोणत्या आकड्यात बघायचा. हाती काय अर्धवट सोडलंय. नवीन विभागात आल्यावर तिच्या टेबलावर आधीच्या माणसाचं काय काय पडलेलं होतं. खाली तिघांच्या सह्या: जुना साहेब, नवा साहेब आणि ती स्वतः. जुन्या विभागाने परत बोलावलं, तर किती दिवस आणि कशासाठी, हे त्याच पानाच्या मागे लिहीत जा.